वनभोजनात १४० रुपये खरंच वाचले का?

डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या शाळांत वनभोजनाचे बेत ठरतात. बहुतेक ठिकाणी बेत शिक्षक ठरवतात, वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहितात आणि मुलं तेवढे पैसे आणून देतात. काही शाळांत मात्र हाच बेत गणिताच्या तासाला मुलांच्या हाती सोपवला जातो. खर्चाचा अंदाज त्यांनीच करायचा, पैसे त्यांनीच गोळा करायचे, खर्चाची नोंद त्यांनीच ठेवायची आणि शेवटी अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडून दोन्हींतला फरक त्यांनीच उलगडायचा. पहिली तीन कामं मुलं हौसेने करतात. खरा अभ्यास चौथ्यात असतो, आणि नेमका तोच बहुतेकदा राहून जातो. वनभोजन झालेलं असतं, जिलेबी संपलेली असते, मग वहीकडे परत कोण जाणार?

हा उपक्रम पूर्ण केला तर काय हाती लागतं, ते पाहण्यासाठी उदाहरण म्हणून सातवीचा एक वर्ग घेऊ. ३८ मुलं आणि २ शिक्षक, असे ४० जण. गावापासून चालत जाण्याजोगी आमराई. सामान नेण्यापुरता टेम्पो. बेत मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी. भाव उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्येक वर्गाने आपल्या बाजारातले घालावेत.

आधी झेप, मग बेत

अंदाजपत्रकाची सुरुवात पदार्थांच्या यादीने केली, की यादी लांबत जाते. आइस्क्रीम येतं, पनीर येतं, मोठी बस येते आणि माणशी आकडा दोनशेच्या घरात जातो. मग घरची ओढाताण असलेलं मूल ‘मला बरं नाही’ म्हणून घरी राहतं. म्हणून पहिला प्रश्न ‘काय खायचं’ हा नको, ‘किती देता येईल’ हा हवा. प्रत्येकाने घरी विचारून एका चिठ्ठीवर रक्कम लिहायची, नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या की कुणालाच जड जाणार नाही असा आकडा दिसतो. आपल्या वर्गाचा आकडा निघाला १०० रुपये. आता जो काही बेत होईल, तो या शंभरात बसला पाहिजे.

पुढचा प्रश्न तांदळाचा. चाळीस जणांच्या मसालेभाताला तांदूळ किती लागेल? मुलांना एकमेकांत न बोलता आकडा लिहायला सांगावं. कुणी २ किलो लिहितं, कुणी १५. मोठ्याने विचारलं असतं तर पहिल्या हुशार मुलाचा आकडाच सगळ्यांनी धरला असता. लिहिलेले आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला तर तो बरा असतो, पण तोही अंदाजच. त्याला आधार हवा.

हा आधार शाळेतच असतो. शालेय पोषण आहाराच्या योजनेत सहावी ते आठवीच्या मुलामागे दररोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी धान्य १०० ग्रॅम. म्हणजे ४० जणांना १५० ग्रॅमप्रमाणे ६ किलो तांदूळ. मग आहार शिजवणाऱ्या ताईंकडे जावं. रोज पातेलं रिकामं होतं की उरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या म्हणाल्या, ‘चालून गेल्यावर पोरं जास्त खातात, पण जिलेबी आहे ना, मग दीडशे ग्रॅम पुरतील.’ आकडा तोच राहिला, पण आता त्याला कारण आहे.

म्हणून मुलांच्या अंदाजपत्रकात वस्तू, माणशी प्रमाण, एकूण नग किंवा वजन, दर आणि रक्कम या रकान्यांबरोबर एक रकाना जास्त असावा, ‘हा आकडा कुठून आला?’ असा. ‘दोन दुकानांत विचारलं’, ‘ताईंनी सांगितलं’, ‘गेल्या वर्षीची पावती’, ‘मनाने धरला’ यांपैकी जे असेल ते प्रामाणिकपणे लिहायचं. नंतर चूक शोधताना बहुतेक वाटा याच रकान्यापाशी येऊन मिळतात. आणि हे पान शाईने लिहायचं. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज खर्चानंतर हळूच खोडला जातो, प्रत्यक्ष आकडा त्या जागी बसतो आणि सगळे फरक शून्य होतात. असं देखणं पान दिसलं, की शिक्षकाने ओळखावं की अंदाज मागाहून लिहिला आहे.

डोक्यामागे आणि डोक्यावाचून

खर्चाच्या यादीत दोन जातीच्या रकमा असतात आणि त्या वेगळ्या मांडल्या तरच पुढचं गणित कळतं. तांदूळ, मटार, जिलेबी, दही हा माणसागणिक वाढणारा खर्च. टेम्पो, शेगडी-पातेल्यांचं भाडं, मसाला हा खर्च ३५ जण आले काय आणि ४० आले काय, जवळपास तोच. पत्रावळी-द्रोण पंचवीसच्या गठ्ठ्यात मिळतात. २६ जणांपासून ५० जणांपर्यंत दोनच गठ्ठे लागतात, म्हणून आपल्यापुरता तोही ठराविकच.

आपल्या वर्गाचा माणशी खर्च असा निघाला: तांदूळ १५० ग्रॅम, ६० रुपये किलोने ९ रुपये, मटार ५० ग्रॅम, ६० रुपये किलोने ३ रुपये, जिलेबी १०० ग्रॅम, २०० रुपये किलोने २० रुपये, मठ्ठ्याचं दही १०० ग्रॅम, ८० रुपये किलोने ८ रुपये. एकूण ४० रुपये. चाळीस जणांचे १,६०० रुपये. ठराविक खर्च १,९०० रुपये. दोन्ही मिळून ३,५००. त्यावर ऐनवेळच्या खर्चासाठी ३०० रुपये राखीव. म्हणजे ३,८०० रुपये, माणशी ९५. शिक्षकांनीही आपले ९५ भरले. शंभराच्या आत बसलं म्हणून वर्ग खूश झाला.

मग पाच मुलांचं येणं रद्द झालं. कुणाकडे लग्न, कुणाला ताप. ‘बरं झालं, तेवढाच खर्च कमी,’ असं कुणीतरी म्हणतंच. इथे थांबून मुलांना हिशेब करायला लावावा. पाच जणांची वर्गणी गेली ४७५ रुपये. पाच जणांचं खाणं वाचलं फक्त २०० रुपये. टेम्पोवाला काही पाच मुलं नाहीत म्हणून भाडं कमी करत नाही. उरलेला २७५ रुपयांचा भार राखीव रकमेवर पडला आणि ३०० चे २५ राहिले. अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही आणि राखीव रक्कम जवळजवळ संपली आहे. गावजेवण असो की लग्न, ‘नक्की किती पानं?’ हा प्रश्न इतक्यांदा का विचारला जातो, ते इथे आकड्यांत दिसतं.

म्हणून आता दुसरा रकाना लागतो: ३५ जणांचा सुधारित अंदाज, ३,३०० रुपये. मूळ अंदाज खोडायचा नाही, त्याच्या शेजारी नवा लिहायचा. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतही अशीच मांडणी असते: मागच्या एका वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा नवा अंदाज.

हातातले पैसे, मोकळे पैसे

खर्चाची नोंद ठेवण्यासाठी दोन मुलं नेमावीत. एकाकडे पैसे, दुसऱ्याकडे वही. दोन्ही कामं एकाकडे नकोत. अविश्वास म्हणून नव्हे, तर एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी म्हणून. वहीत तारीख, काय घेतलं, किती, काय दराने, कुणाला दिले, पावतीचा क्रमांक आणि शिल्लक. भाजीवाली मावशी पावती देत नाही, तेव्हा चिठ्ठीवर लिहून बरोबर गेलेल्या दोघांनी सही करायची. रोज संध्याकाळी पैसे मोजायचे आणि वहीतल्या शिल्लकेशी जुळवायचे. आठवड्याने जुळवायला बसलं तर दहा रुपये कुठे गेले ते आठवत नाही.

दोन चुका हमखास होतात. पहिली विसाराची. शेगडी-भांड्यांच्या दुकानात २०० रुपये विसार दिला आणि तो खर्चात लिहिला. नंतर बिल आलं ६०० चं, तेही पूर्ण लिहिलं. खर्च ८०० दिसू लागला. प्रत्यक्षात नंतर फक्त ४०० द्यायचे होते. दुसरी चूक अनामत रकमेची. पाण्याच्या जारसाठी ठेवलेली अनामत जार परत दिल्यावर परत येते. तो खर्च नव्हेच, पण वहीत तिची वेगळी नोंद नसेल तर संध्याकाळचे पैसे जुळत नाहीत.

याहून खोल गोष्ट निघते आदल्या दिवशी. वर्गणी जमली ३५ जणांची, ३,३२५ रुपये. आतापर्यंत दिले: विसार २००, तांदूळ ३१५, पत्रावळी २२०, तेल-मसाला ३१० (अंदाज २८० चा होता). एकूण १,०४५. हातात २,२८० रुपये. एवढे पैसे पाहून कुणीतरी म्हणालं, ‘बाई, वेफर्सची पाकिटं घेऊ या ना!’ बाईंनी फक्त विचारलं, ‘अजून कुणाकुणाला द्यायचेत?’ मुलांनी यादी केली. अंदाजाप्रमाणे जिलेबीचे ७००, दह्याचे २८०, मटारचे १०५, टेम्पोचे ८००, भांड्यांचे राहिलेले ४००. बेरीज २,२८५. हातात २,२८० आहेत आणि मोकळे पैसे उणे ५. वहीच्या शेवटी ‘शिल्लक’ आणि तिच्याखाली ‘देणं ठरलेलं वजा केल्यावर’ अशा दोन ओळी असल्या, तर वेफर्सचा प्रश्न वही स्वतःच सोडवते.

फरकाचा रकाना

वनभोजन झालं. पुढच्या तासाला फळ्यावर हा तक्ता आला. शेवटचा रकाना सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक.

| बाब | ४० जणांचा अंदाज | ३५ जणांचा सुधारित | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|---|
| तांदूळ | ३६० | ३१५ | ३१५ | ० |
| मटार | १२० | १०५ | १७५ | +७० |
| जिलेबी | ८०० | ७०० | ८४० | +१४० |
| दही | ३२० | २८० | २८० | ० |
| टेम्पो | ८०० | ८०० | ५०० | −३०० |
| शेगडी, भांडी | ६०० | ६०० | ६०० | ० |
| तेल-मसाला | २८० | २८० | ३१० | +३० |
| पत्रावळी-द्रोण | २२० | २२० | २२० | ० |
| पाण्याचे जार | – | – | १२० | +१२० |
| एकूण | ३,५०० | ३,३०० | ३,३६० | +६० |

पहिली आरोळी अशी: ‘साडेतीन हजारांचा अंदाज होता, ३,३६० लागले. १४० रुपये वाचले!’ मग पैसे सांभाळणारी मुलगी उभी राहते: ‘मग माझ्याकडे ३५ रुपये कमी कसे? सरांकडून घ्यावे लागले.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हा गोंधळ शिक्षकाने घाईने सोडवू नये.

४० जणांच्या अंदाजाशी ३५ जणांचा खर्च ताडून पाहता येत नाही. ३५ जणांचा खर्च ३,३०० व्हायला हवा होता, झाला ३,३६०. म्हणजे वाचले नाहीत, ६० जास्त गेले. पण ६० हाही आकडा फसवा आहे. टेम्पोचे ३०० कमी झाले, कारण एका मुलाच्या वडिलांनी फक्त डिझेलचे पैसे घेतले. ही त्यांची मेहेरबानी, वर्गाचं नियोजन नव्हे. ती बाजूला ठेवली तर जास्तीचा खर्च ३६० होतो. एकाच वहीतून ‘१४० वाचले’, ‘६० जास्त गेले’ आणि ‘३६० जास्त गेले’ अशी तीन उत्तरं निघतात. पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं त्यांतलं तिसरं.

आता ओळीओळीने पाहू. जिलेबी ३५ जणांना साडेतीन किलो लागली, तेवढीच आणली. प्रमाण चुकलं नाही. दर मात्र लग्नसराईत २०० वरून २४० झाला. हा निव्वळ दराचा फरक. मूळ ८०० शी तुलना केली असती तर तो केवळ ४० दिसला असता. पाच जणांच्या गैरहजेरीने दरवाढ झाकली असती.

मटारची गोष्ट उलटी आणि जास्त मजेची. मुलांनी माणशी ५० ग्रॅम दाणे धरले, म्हणजे पावणेदोन किलो. पण बाजारात शेंगा मिळतात, आणि सोलल्यावर वजन साधारण निम्मं होतं. म्हणून साडेतीन किलो शेंगा घ्याव्या लागल्या. भाव मात्र उतरला होता, ६० ऐवजी ५०. प्रमाण दुप्पट झाल्याने १०५ रुपये वाढले, दर उतरल्याने ३५ वाचले, निव्वळ फरक ७०. नुसतं ‘मटार महाग पडले’ असं लिहिलं असतं तर ते सरळ खोटं ठरलं असतं. मटार स्वस्त होते, हिशेब दाण्यांचा आणि खरेदी शेंगांची झाली होती. ‘हा आकडा कुठून आला?’ या रकान्यात तिथे ‘मनाने धरला’ असं सापडलं.

पाण्याचे जार अंदाजात नव्हतेच. तीन जार, प्रत्येकी ४० रुपये. हा विसरलेल्या बाबीचा फरक, आणि तो दर-प्रमाणाच्या गणिताने सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे पैशांआधी अख्खा दिवस सांगून पाहणं: निघालो, पोचलो, हात धुतले, पाणी प्यालो, चूल पेटवली, जेवलो, भांडी घासली, कचरा भरला. प्रत्येक क्रियापदापाशी विचारायचं, याला काय लागतं?

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं होतं, की माणसं योजना आखताना सगळं सुरळीत होईल असं चित्र डोळ्यांसमोर धरतात आणि आधीच्या तशाच कामांत काय घडलं ते विचारातच घेत नाहीत. सातवीचा वर्ग त्याला अपवाद नसतो. म्हणून या वर्षीची वही पुढच्या वर्गासाठी जपून ठेवायची.

फरक चित्रात दाखवायचा तर सातवीच्या गणितात जोडस्तंभालेख आहेच. सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे दोन-दोन स्तंभ शेजारी काढले की टेम्पो, जिलेबी आणि जार लगेच नजरेत भरतात. गुण देताना मात्र शिक्षकाने जपावं. ‘अंदाजापेक्षा कमी खर्च’ याला शाबासकी दिली, तर पुढच्या वर्षी मुलं प्रत्येक आकडा फुगवून लिहितील. ‘सर्वांत जवळचा अंदाज’ याला दिली, तर शाईवर खाडाखोड होईल. गुण द्यायचे ते फरकाच्या स्पष्टीकरणाला: संख्येमुळे, दरामुळे, प्रमाणामुळे, की बाब विसरल्यामुळे?

एखाद्या शाळेला वनभोजन जमत नसेल, तर शिक्षक लिफाफ्यात घटनांच्या चिठ्ठ्या घालून रोज एक उघडू शकतात: ‘दोन मुलं आजारी’, ‘हलवायाने दर वाढवला’, ‘दुकानदाराने सुटे म्हणून चॉकलेट दिलं’. नोंद आणि तुलना यातून शिकता येते. पण शेंगा सोलल्यावर निम्म्या होतात, हे लिफाफ्यातून कळत नाही. निदान एक वस्तू तरी खरोखर आणून मोजावी.

आपल्या वर्गाने सरांचे ३५ रुपये माणशी एक रुपया काढून फेडले आणि वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीचा अंदाज मांडला. शेंगा माणशी १०० ग्रॅम, ५० रुपये किलोने, जिलेबीचा दर २४०, टेम्पो पुन्हा ८०० चा, कारण मेहेरबानी गृहीत धरायची नसते, मसाला ३१०, जारची नवी ओळ १२०. माणशी खर्च ४६ रुपये आणि ठराविक खर्च २,०५०. चाळीस जणांचे ३,८९० होतात, आणि १०० रुपये वर्गणीत राखीव राहतात फक्त ११०. पाच जण गळाले तर प्रत्येकामागे ५४ रुपयांचा खड्डा पडतो, एकूण २७० चा. म्हणजे पुन्हा तूट. तेव्हा जिलेबी १०० ऐवजी ७५ ग्रॅम करायचं ठरलं. माणशी ४० रुपये, एकूण ३,६५०, राखीव ३५०. पाच जण आले नाहीत तर ३०० चा खड्डा पडतो आणि ५० रुपये तरीही उरतात. वर्गणी शंभराच्या वर गेली नाही. जिलेबी कमी केल्याबद्दल वर्गात कुरकुर झाली, तेव्हा फळ्यावर हे दोन्ही हिशेब शेजारीशेजारी लिहून हात वर करून मतं घेतली गेली. पाऊण वाटा जिलेबी बहुमताने मंजूर झाली.